स्वागताच्या पत्रातली गाळलेली कलमं

आमच्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्याच दिवशी त्याला एक ईमेल जातो. वर 'आपलं मनापासून स्वागत' असं लिहिलेलं असतं. खाली सही सीमिकची असते, कारण कंपनी त्याची आहे. पण त्यातला शब्दन् शब्द माझा आहे, आणि एकेक कलम मी ठेच खाऊन लिहिलेलं आहे. म्हणूनच त्या पत्राला कुणी 'एजेचा कायदा' म्हणून हसलं की माझं डोकं फिरतं. एजे म्हणजे ताई; ऑफिसात सगळे मला तेच म्हणतात.

आम्ही बिश्केकमध्ये सात माणसं. आरोग्यधामं, विश्रामगृहं, डोंगरातली पाहुण्यांची घरं यांच्या वेबसाइट बनवतो आणि पुढे त्या चालवतोही. कुठली खोली कुठल्या तारखेला मोकळी, कुठल्या उपचाराला जागा शिल्लक, हे सगळं आमच्याकडून बदलून जातं. एक निरोप चुकला की कुठल्यातरी म्हातारीला बॅगेवर बसून रात्र काढावी लागते. हे मी उगाच म्हणत नाही, पुढे येईलच.

पत्राचे दोन भाग. पहिल्यात कामाच्या पायऱ्या: तीन दिवसांत माहितीचा तक्ता भरून पाठवा, म्हणजे इमारती, खोल्या, उपचार, बंद असण्याच्या तारखा. मग चाळीस मिनिटांची ओळखीची बैठक. साइटच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, फोनवर सांगू नका, आम्ही दिलेल्या सुरक्षित जागीच भरा. मग नमुना बघा आणि पसंती लेखी कळवा. मगच साइट सुरू. दुसऱ्या भागात एकमेकांशी कसं बोलायचं ते. दोन्हीकडून एकेकच माणूस, ज्याचा शब्द शेवटचा. बदल असेल तो ऑफिसच्या सामायिक पत्त्यावर लिहून. घाईचं असेल तर नऊ ते सहा ऑफिसचा फोन, पण नंतर दोन ओळी लिहूनच. कुणाच्याही खाजगी फोनवर पाठवलेला बोलका निरोप आम्हाला मिळालेला नाही असं समजावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक बदलाची क्रमांकासकट पोच एका कामाच्या दिवसात येईल. पोच आली नाही तर निरोप आमच्यापर्यंत आलाच नाही असं धरा आणि आम्हाला हलवा.

बोलक्या निरोपाचं कलम कुठून आलं माहितेय? नारिनकडचा एक लोकरीच्या नमद्यांचा कारखानदार अकरा मिनिटांचे निरोप पाठवायचा. त्यात पहिली चार मिनिटं गाय हंबरायची, मग तो बायकोशी भांडायचा, आणि शेवटी रंग बदला म्हणायचा. कुठला रंग, ते गाईलाच ठाऊक. तीन आठवडे फुकट गेल्यावर मी ते कलम लिहिलं.

मार्चमध्ये आम्हाला सरोवराकाठचं एक जुनं आरोग्यधाम मिळालं. काळ्या चिखलाच्या लेपांसाठी लोक कझाकस्तानातून बसेस करून तिथे येतात. चालवणारे जुमादिल आके, वय एकाहत्तर. सरोवराकडे वडीलधाऱ्यांना आके म्हणतात, आणि यांना तर सगळा किनाराच म्हणतो. एवढं मोठं गिऱ्हाईक आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. सीमिक चार दिवस हवेत होता.

"एजे, स्वागताचं पत्र मीच पाठवतो," तो म्हणाला. "तुम्ही नका त्रास घेऊ."

"जसंच्या तसं पाठव हं," मी म्हटलं.

"अहो, तुमचा कायदा मोडायची माझी काय बिशाद!" तो हसत म्हणाला. सीमिक माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मालक असला तरी मला अहो-जाहो करतो, आणि मी त्याला अरे-तुरे करते. ऑफिसात सगळ्यांना याची सवय आहे.

आकेंचं काम उल्कानकडे दिलं. उल्कान सव्वीस वर्षांची. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ शिकतोय, घर हिच्या एकटीच्या पगारावर. पण ते सोडा, तिचं काम बघा. दोन वर्षांत तिच्या हातून एक तारीख चुकलेली मला ठाऊक नाही. मी स्वतः महिन्याला दोन चुकवते.

जूनच्या अकरा तारखेला कझाकस्तानातल्या कारागांडाहून एकोणीस माणसं बसने आकेंच्या दारात उतरली. सगळ्यांचं आरक्षण दुसऱ्या इमारतीत, आमच्या साइटवरून झालेलं. आणि दुसऱ्या इमारतीत फरशाच नव्हत्या. मे महिन्यात पाण्याचे नळ फुटले म्हणून आकेंनी ती पंचवीस जूनपर्यंत बंद ठेवली होती. साइटवर ती उघडीच होती. गुडघे धरून आलेली माणसं भोजनगृहातल्या बाकांवर झोपली. पंचाहत्तरीच्या एका बाईंना बाकावर आडवं होता येईना, त्या पहाटेपर्यंत बॅगेवर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी आकेंनी स्वतःचं घर रिकामं करून दिलं.

सीमिक फोनवर 'हो आके, हो आके' एवढंच म्हणत होता. फोन ठेवला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "उल्कान! दुसरी इमारत बंद करायला सांगितली होती ना तुला?"

उल्कान उभी राहिली. "नाही, बाइके," ती म्हणाली. बाइके म्हणजे दादा; सीमिकला ती तेच म्हणते.

"नाही काय नाही? मे महिन्यातच सांगितलं होतं. इथेच, या दारात."

"तुम्ही सांगितलं असतं तर मी नोंदवून घेतलं असतं, बाइके. मी सगळं नोंदवते."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

तिने मान खाली घातली. आमच्याकडे मोठ्यांना तोंडावर खोटारडं म्हणत नाहीत, आणि याचा फायदा खोटं बोलणारे मोठे बरोब्बर घेतात.

मी सामायिक पत्ता उघडला. मार्चपासूनचा एकेक निरोप वाचला. आकेंकडून एकही बदल आलेला नव्हता. मी सीमिकच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"आकेंनी तुला कळवलं कसं?"

"बोलका निरोप पाठवला. माझ्या फोनवर."

"तुझ्या फोनवर? पत्रात काय लिहिलंय?"

"एजे, तुमचा तो कागद शहरातल्या पोरांसाठी ठीक आहे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला 'तुमचा निरोप मिळाला नाही असं समजा' म्हणून सांगायचं? मला बापाने शिकवलंय थोडंफार."

"तो निरोप तू ऐकलास?"

"ऐकला ना." त्याने लॅपटॉपकडे बघितलं. "म्हणजे कुणाच्या तरी लग्नात होतो. अंगठा पाठवला लगेच."

"अख्खा ऐकलास?"

"एजे, शनिवारी आपण आकेंकडे जातोय. माफी मागायला. तुम्ही, मी आणि उल्कान. ती पुढे होऊन वाकेल, चूक झाली म्हणेल, आके चांगला माणूस आहे, विषय संपेल. कुणाची नोकरीबिकरी जात नाहीये. उगाच ताणू नका."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याकडे पत्र होतं ना. मी मनाशी म्हटलं, आके शहाणे आहेत, त्यांना मी कलम दाखवीन. 'खाजगी फोनवरचा निरोप मिळालेला नाही असं समजावं. पोच आली नाही तर हलवा.' पोच कुठे होती? नव्हती. म्हणजे उल्कान सुटली. मी पत्राची प्रत छापून पिशवीत टाकली.

उल्कानला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एजे, मी वाकेन. काय होतंय वाकायला? फक्त नोकरी राहू दे. आईची औषधं आहेत."

"वाकायचं नाहीस तू."

"तुम्हाला बोलायला काय जातंय, एजे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी निघालो. गाडीच्या मागच्या भागात सीमिकने एक मेंढा घातला होता, वर नवा झगा आणि पांढरी नमद्याची टोपी. माफीला रिकाम्या हाताने जात नाहीत, ते बरोबरच आहे. बूमची घळ ओलांडेपर्यंत मेंढा ओरडत होता आणि गाडीतलं दुसरं कुणीही तोंड उघडत नव्हतं.

आके दारातच उभे होते. उंच, सडपातळ, कान थोडे मोठे. सीमिकने दोन्ही हातांनी हात धरला, आई-वडिलांची, पोरांची, गुरांची विचारपूस झाली. आके शांतपणे उत्तरं देत होते, उलट विचारत होते. मग गाडीकडे बघून म्हणाले, "तो मेंढा आत्ता काढू नकोस. राहू दे सावलीत. पाणी ठेव त्याला."

हे ऐकून सीमिकचा चेहरा उतरला. मेंढा घेतला नाही म्हणजे माफी अजून घेतली नव्हती.

दस्तरखान पसरलेलं होतं. तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. आकेंची सून चहा ओतत होती. आकेंनी पाव मोडला, आम्ही तोंडात टाकला. पहिला पेला संपेपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही.

मग सीमिकने घसा साफ केला. "आके, आमच्या पोरीकडून मोठी चूक झाली. तिला तुमच्या पायाशी आणलंय." आणि उल्कानला कोपराने ढोसलं.

उल्कान उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"थांब," मी म्हटलं. "आके, मी बेगायिम. गिऱ्हाइकांची पत्रं मी बघते. लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण चूक या पोरीची नाही. निरोप तिच्यापर्यंत आलाच नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी स्वागताचं पत्र गेलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की खाजगी फोनवर सांगू नका, पोच आली नाही तर आम्हाला परत हलवा. तुम्ही ते पाळलं असतं, तर..."

"एजे!" सीमिक जवळजवळ किंचाळला.

आकेंनी पेला खाली ठेवला. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. "मी पाळलं नाही?" ते म्हणाले. "पोरी, मी काय पाळलं नाही म्हणालीस?"

पण मी मागे कसली हटते. "पत्रातली कलमं, आके."

"कलमं." त्यांनी सुनेला हाक मारली. "काळी फाईल आण गं."

फाईल आली. आकेंनी चष्मा लावला. आमचं स्वागताचं पत्र त्यांनी छापून, खाली स्वतःची सही आणि तारीख घालून लावून ठेवलं होतं. पायऱ्यांपुढे पेन्सिलीने खुणा. तक्ता भरला, तारीख. बैठक झाली, तारीख. नमुना पाहिला, लेखी कळवलं, तारीख. आमच्या इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने ते पत्र असं वाचलं नव्हतं.

"हिमकड्यांच्या चौकीवर अठ्ठावीस वर्षं होतो मी," आके म्हणाले. "खिंडीचा रस्ता उघडायचा की बंद करायचा, ते माझ्या निरोपावर. मी सांगायचं, खालच्या फाटकावरच्या माणसाने तेच परत म्हणून दाखवायचं, दोघांनी वहीत लिहायचं. त्याने परत म्हटलं नाही तर मी सांगितलंच नाही. म्हणून माझ्या काळात एक गाडी कड्याखाली गेली नाही. आणि तू मला शिकवतेस पोच म्हणजे काय ते? घे, वाच. मोठ्याने वाच."

मी पत्र हातात घेतलं. पहिला भाग जसाच्या तसा होता. दुसरा भाग उघडला. 'दोन्हीकडून एकच माणूस' नव्हतं. सामायिक पत्ता नव्हता. ऑफिसचा फोन नव्हता. खाजगी फोनचं कलम नव्हतं. पोच नव्हती. त्या सगळ्याच्या जागी एकच वाक्य होतं, आणि ते माझं नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं.

"'आके, तुमच्यासाठी माझा स्वतःचा फोन रात्रंदिवस उघडा आहे. काहीही असलं तरी थेट मला सांगा, बाकीचं मी बघतो.'"

बाहेर मेंढा ओरडला.

"थेट मला सांगा," आके म्हणाले. "मी थेट सांगितलं. तुमच्या घरात निरोप कसा जातो ते तुम्ही लिहून दिलंत, तसा मी पाठवला. दुसऱ्या मिनिटाला अंगठा आला. मी म्हटलं, ही यांची पोच असेल. नवी माणसं आहेत." त्यांनी फोन काढून सीमिकपुढे धरला. "हे बघ, ऐकल्याची खूणही आहे. आता ऐकव पाहू सगळ्यांना."

निरोप पावणेचार मिनिटांचा होता. आकेंनी त्यात आधी सीमिकच्या वडिलांची पाठ कशी आहे ते विचारलं होतं. मग आईची तब्येत. मग पोरांची नावं घेऊन एकेकाची चौकशी. मग यंदा गवत कसं आहे. मोठा माणूस एकदम कामाचं बोलतो का? तीन मिनिटं झाल्यावर त्यांचा आवाज म्हणत होता, "आणि बाळा, दुसऱ्या इमारतीचे नळ फुटलेत. पंचवीस जूनपर्यंत तिथे कुणाला घेऊ नका. झालं की कळव."

सीमिक लग्नात होता. पाठदुखीपर्यंत ऐकलं असेल, अंगठा पाठवला असेल आणि फोन खिशात घातला असेल. वर आम्हाला आदर शिकवत होता! म्हाताऱ्याला नियम सांगणं म्हणजे अपमान, पण त्याचं बोलणं अर्ध्यावर सोडून अंगठा दाखवणं हा मान. असल्या मानाला काडी लावा.

"आके," सीमिकचा आवाज खोल गेला होता, "तुमच्यासारख्या माणसाला अटी घालायच्या म्हणजे... माझं मन झालं नाही. आपल्यात तसं करत नाहीत."

"आपल्यात!" आके म्हणाले. "अरे, मला वाचता येत नाही असं वाटलं तुला, की मला नियम झेपत नाहीत? शहरातल्या पोराटोरांना अख्खं पत्र पाठवतोस आणि मला लोणी लावून अर्धं? हा मान होय? त्या कारागांडाच्या बाई रात्रभर बॅगेवर बसल्या तुझ्या या मानापायी."

सीमिक दस्तरखानाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता संपलं. पण आके फाईलचं पान उलटत होते.

"आणि आता हे दुसरं," ते म्हणाले. "मेंढा मी बाहेर ठेवला तो यासाठी. ही पोर इथे बसलीये, चहा पितेय. माझ्याकडे मात्र गुरुवारी हे आलंय." त्यांनी कागद उल्कानपुढे सरकवला. "तूच वाच, बाळा. नाव तुझंच आहे ना?"

उल्कानने वाचलं. मग परत वाचलं. मग मलाही दिलं. सीमिकने गुरुवारीच आकेंना लिहून टाकलं होतं की ही चूक आमची कर्मचारी उल्कान सागिनबेक कीझी हिच्या निष्काळजीपणामुळे झाली, आणि तिला कामावरून काढून टाकण्यात आलं आहे.

'कुणाची नोकरीबिकरी जात नाहीये.' मला तो म्हणाला होता. आणि त्याच हाताने हे लिहिलं होतं. कामावरून काढलेल्या पोरीला मेंढ्याबरोबर गाडीत घालून माफी मागायला आणली होती. इतका संताप मला आयुष्यात दोनदाच आला असेल. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, आकेंची सून आत निघून गेली एवढं सांगते.

"ते नुसतं लिहिण्यापुरतं होतं, एजे," सीमिक म्हणाला. "गिऱ्हाइकाला शांत करायला. खरंच थोडंच काढणार होतो!"

"हे कारागांडाच्या लोकांनाही पाठवलंस," आके म्हणाले. "त्यांच्यातल्या एकाने मला दाखवलं. एकोणीस जणांकडे या पोरीचं नाव आहे. उद्या ही दुसरीकडे काम मागायला गेली, तर?"

आता उल्कान बोलली, आणि बाइके न म्हणता बोलली. "मे महिन्यात मला दारात सांगितलंत म्हणालात. कुठल्या दिवशी?"

सीमिकने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी तीन रात्री झोपले नाही. मला वाटलं, सांगितलं असेल. मीच विसरले असेन. माझ्या वह्या परत परत बघितल्या. आईला म्हटलं, मला काहीतरी होतंय, मला आठवत नाही. कुठल्या दिवशी सांगितलंत?"

"सांगितलं नव्हतं," सीमिक म्हणाला. अगदी हळू, पण म्हणाला.

आकेंनी फाईलमधून कोरा कागद काढला आणि सीमिकपुढे ठेवला. "लिही. एकोणीस जणांना आणि मला. तुझ्याच हाताने लिही, मग त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठव. माझ्यासमोर."

सीमिकने पेन घेतलं. 'आमच्या कार्यालयाच्या गैरसमजामुळे' असं लिहायला सुरुवात केली. आके वाचत होते.

"कार्यालयाने लग्नात अंगठा पाठवला का रे?"

"नाही, आके."

"मग कुणी पाठवला ते लिही."

त्याने कागद उलटा केला. दुसऱ्या बाजूला त्याने 'मी' लिहिलं आणि बराच वेळ तिथेच थांबला. मग पुढचं लिहिलं. निरोप मला मिळाला होता, मी पुरता ऐकला नाही, उल्कान सागिनबेक कीझी हिला कळवला नाही, तिची यात काही चूक नाही, ती कामावर आहे. सही केली. फोटो काढून पाठवला. एकोणीस जणांना एकेक करून पाठवेपर्यंत आके बसून होते आणि आम्हीही.

मग आकेंनी दोन्ही तळहात वर केले, आशीर्वाद दिला, आणि मेंढा परत घेऊन जायला सांगितलं. "काम चालू राहील," ते म्हणाले. "पण मला ते अख्खं पत्र सोमवारी पाठवा. सगळी कलमं. मी सही करून देईन."

उल्कान सीमिकच्या गाडीत बसायला तयार नव्हती. मीही नव्हते. तो 'एजे, ऐका तर' म्हणत राहिला, आम्ही रस्त्यावर येऊन बिश्केकला जाणारी छोटी बस धरली. माझ्या डोक्यातली आग अजून शमली नव्हती. बालिकची हे गाव मागे पडेपर्यंत मीच बोलत होते. सोमवारी मी त्याला काय काय सुनावणार, दुसरी नोकरी कशी बघायची, मीसुद्धा तिच्याबरोबर सोडीन.

"मी सोडणार नाहीये," उल्कान म्हणाली. "मी का सोडू? मी काय केलंय?"

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "अगदी बरोबर. त्याने जावं कुठे जायचं ते."

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "एजे, आकेंच्या फाईलीतलं ते स्वागताचं पत्र होतं ना, त्याच्या वरच्या ओळीत तुमचा पत्ता होता. प्रत म्हणून."

मी तो पाहिला होता. दुसरा भाग वाचायच्या आधी पाहिला होता, आणि तिथून डोळे उचलले होते. मार्चमध्ये माझ्याकडे ती प्रत आली होती. मीच लिहिलेलं पत्र, मी कशाला वाचू, म्हणून मी ती तशीच ठेवली होती. उघडली असती तर त्याच दिवशी मला दिसलं असतं, सीमिकला मी तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं, आणि आकेंना दुसऱ्या दिवशी अख्खं पत्र गेलं असतं.

"आली होती," मी म्हटलं. "मी उघडली नाही."

उल्कानने मान हलवली आणि खिडकीकडे वळली. टोकमोक येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मलाही सीमिकला शिव्या घालण्यासारखं काही सुचलं नाही.